अकरा गाड्यांची डिझेलची वही: लाल खुणा रोज, पण खरी घसरण कोणती?

हिशेबनीस

आमच्याकडे पार्सल पोचवणाऱ्या ११ लहान डिझेल व्हॅन आहेत आणि त्यांच्या डिझेलची नोंद माझ्याकडे असते. ड्रायव्हर पंपावर डिझेल भरतो, मीटरचा आणि पावतीचा फोटो पाठवतो, मी ते शीटमध्ये चढवते. मागच्या भरण्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, त्याला आजच्या लिटरने भागलं की आलं अ‍ॅव्हरेज. मागच्या वेळेपेक्षा ते १५ टक्क्यांनी कमी आलं की रकाना आपोआप लाल होतो.

अडचण अशी की रोज कुठली तरी गाडी लाल असते. ७ नंबरच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज एकदम ७.९ आलं तेव्हा मी ड्रायव्हरला ऑफिसात बोलावून विचारलं, डिझेल गेलं कुठे? तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. पुढच्याच भरण्याला अ‍ॅव्हरेज परत १३! मला असं परत कोणाला विचारायचं नाही. ७ नंबरच्या नोंदी जशाच्या तशा देते, टाकी ४५ लिटरची आहे:

३ तारीख, मीटर ४८२१०, ३८ लिटर
७ तारीख, मीटर ४८६७८, २० लिटर, अ‍ॅव्हरेज २३.४
१० तारीख, मीटर ४९००३, ४१ लिटर, अ‍ॅव्हरेज ७.९ (लाल)
१३ तारीख, मीटर ४९४९७, ३८ लिटर, अ‍ॅव्हरेज १३.०
१७ तारीख, मीटर ४९९४१, ३७ लिटर, अ‍ॅव्हरेज १२.०
२० तारीख, मीटर ५०३६१, ४० लिटर, अ‍ॅव्हरेज १०.५
२४ तारीख, मीटर ५०७६१, ४० लिटर, अ‍ॅव्हरेज १०.०

१५ टक्क्यांची मर्यादा २५ करावी का? की हिशेबच चुकतोय?

रिकामी_टाकी

चोरी आहे ताई. ७.९ हे अ‍ॅव्हरेज त्या गाडीचं असूच शकत नाही. टाकीच्या झाकणाला कुलूप लावा, ड्रायव्हर बदला.

चौथागिअर

टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, एअर फिल्टर साफ ठेवा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका. माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज यानेच सुधारलं.

हिशेबनीस

@चौथागिअर, धन्यवाद, पण अ‍ॅव्हरेज वाढवायचं कसं हा प्रश्न नाही. घसरलेलं खरंच घसरलंय की नुसतं कागदावर, हे ओळखायचं आहे.

सोपं_करा

एकेका भरण्याचं अ‍ॅव्हरेज बघूच नका. शेवटच्या पाच भरण्यांच्या अ‍ॅव्हरेजची सरासरी काढा आणि तिच्यावर लक्ष ठेवा. वरखाली झालेलं सगळं आपोआप सपाट होतं. मी असंच करतो, रोजची लाल खूण बंद झाली.

मोजपट्टी

ताई, मर्यादा वाढवू नका. तुमच्या शीटने जिथे खूण केली तिथे काहीच झालेलं नाही, आणि जिथे खरंच काहीतरी बिघडलंय तिथे ती गप्प बसली आहे. दोन्ही गोष्टी याच सात ओळींत आहेत.

आधी ७ आणि १० तारीख बघू. ७ तारखेला फक्त २० लिटर भरलं, म्हणजे टाकी फुल झाली नाही. गाडी १३ च्या हिशेबाने चालली असेल तर ४६८ किलोमीटरला ३६ लिटर जळालं. भरलं २०, म्हणजे १६ लिटरची जागा रिकामीच राहिली. पुढे ३२५ किलोमीटरला २५ लिटर जळालं. १० तारखेला टाकी फुल केली तेव्हा आधीचं १६ आणि हे २५ मिळून ४१ लिटर बसलं. तुमच्या पावतीवर बरोबर ४१ आहे. ७९३ किलोमीटर, ६१ लिटर, अ‍ॅव्हरेज १३. एक थेंबही कुठे गेलेला नाही. ड्रायव्हरला हे नक्की सांगा.

लिटरने भागायचं ते फक्त एका फुल टाकीपासून दुसऱ्या फुल टाकीपर्यंत. मधे अर्धवट भरलं असेल तर ते लिटर जमा करत जायचं आणि पुढच्या फुल टाकीलाच भागाकार करायचा. त्यासाठी 'फुल केली का' असा एकच रकाना वाढवावा लागेल.

आता २० आणि २४ तारीख बघा. १३ वरून १२, मग १०.५, मग १०. प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा १५ टक्क्यांहून कमी उतरली आहे, म्हणून लाल झाली नाही. पण १३ शी ताडून बघितलं तर १०.५ म्हणजे १९ टक्के खाली आणि १० म्हणजे २३ टक्के खाली. ४०० किलोमीटरला ३१ च्या जवळपास लिटर लागायला हवं होतं, लागलं ४०. तुलना मागच्या भरण्याशी केली की घसरण तुकड्यातुकड्यांनी निसटते. तुलना त्या गाडीच्या स्वतःच्या नेहमीच्या अ‍ॅव्हरेजशी करायची.

या गाडीकडे आजच बघा.

मोजपट्टी

@सोपं_करा, अनेक भरणी एकत्र घ्यायची ही तुमची कल्पना बरोबर आहे, पण अ‍ॅव्हरेजची सरासरी काढू नका. वरच्याच दोन नोंदी घ्या. २३.४ आणि ७.९ ची सरासरी १५.७ येते. गाडी चालली १३ ने. अर्धवट टाकीचं खोटं मोठं अ‍ॅव्हरेज सरासरीला वर खेचतं, तितकं छोटं अ‍ॅव्हरेज तिला खाली आणत नाही. पाचही भरण्यांचे किलोमीटर बेरीज करा, लिटर बेरीज करा, मग एकदाच भागा.

सोपं_करा

हे लक्षात आलं नव्हतं. माझ्या शीटमध्ये काही गाड्या गेले कित्येक महिने खऱ्यापेक्षा चांगल्या दिसत असणार. आज रात्री सगळं परत मांडतो. पण खूण बंद झाली ती बंदच राहावी असं अजून वाटतं, रोजच्या लाल रकान्याकडे पुढे कोणी बघत नाही.

रात्रपाळी

मी स्वतः ड्रायव्हर आहे म्हणून लिहितोय. अर्धवट का भरतो तर पाळी संपत आलेली असते, पंपावर रांग असते आणि पाच डिलिव्हरी बाकी असतात. कधी गाडी दोघांत वाटलेली असते, पहिला दहा लिटर टाकतो आणि सोडतो. यात लबाडी नसते. पावतीवर 'फुल' की 'अर्धी' एवढं लिहायला सांगितलं तर कोणीही लिहील. आणि ऑफिसात बोलावून विचारण्याआधी हा हिशेब आम्हालाही दाखवा, मीटरच्या चुका आम्हालाच आधी दिसतात.

हिशेबनीस

@मोजपट्टी, वाचून हात थांबले. त्याला मी आज फोन केला आणि स्पष्ट सांगितलं की हिशेब माझा चुकला होता. तो म्हणाला, आठवडाभर गाडी जड चालतेय, पण आधीच संशय होता म्हणून सांगितलं नाही.

@रात्रपाळी, उद्यापासून पावतीवर 'फुल/अर्धी' सुरू करते. शीटचं सूत्र कोणी देईल का? मला साधी बेरीज-भागाकारच जमतो.

मोजपट्टी

एका गाडीला एक पान ठेवा. A तारीख, B मीटर, C लिटर, D मध्ये फुल असेल तर 1 आणि अर्धी असेल तर 0. दुसऱ्या ओळीत पहिली नोंद फुल टाकीचीच हवी. मग तिसऱ्या ओळीपासून हे खाली ओढत न्या:

```
E3: =IF(D2=1,C3,E2+C3)
F3: =IF(D2=1,B2,F2)
G3: =IF(D3=1,(B3-F3)/E3,"")
```

E म्हणजे मागच्या फुल टाकीनंतर जमलेलं लिटर, F म्हणजे त्या फुल टाकीचं मीटर, G म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज. अर्धवट भरलेल्या दिवशी G रिकामा राहतो, तो तसाच राहू द्या.

दहाबारा नोंदी जमल्या की तेराव्या ओळीपासून तुलना:

```
H13: =IF(G13="","",G13/MEDIAN(G3:G10)-1)
```

इथे सरासरीऐवजी मधला आकडा घेतला आहे, म्हणजे एखादी चुकीची नोंद त्याला फारशी हलवत नाही. आणि ११ व १२ या लगतच्या ओळी मुद्दाम सोडल्या आहेत. घसरण सुरू झालेली असेल तर त्या ओळीही खाली आलेल्या असतात. त्या तुलनेत घेतल्या तर गाडी आपल्याच बिघाडाशी ताडली जाईल.

खूण कधी करायची? मी लागोपाठ दोन फुल-ते-फुल हिशेब १२ टक्क्यांहून खाली आले की करतो. एकदाच आलं तर आधी नोंद तपासतो, गाडी नाही.

थंडडबा

आमच्या गाड्या थंड मालाच्या. कूलिंगचा कंप्रेसर इंजिनवरच चालतो, त्यामुळे माल उतरवताना इंजिन बंद करता येत नाही. किलोमीटर शून्य आणि डिझेल चालूच. उन्हाळा लागला की सगळ्या गाड्या एकदम लाल होतात. १२ टक्क्यांचा नियम आमच्याकडे लावला तर अर्धा ताफा गॅरेजमध्ये जाईल. यावर काय करता?

मोजपट्टी

तुमच्याकडे नुसते किलोमीटर पुरत नाहीत, इंजिन किती तास चाललं तेही लिहावं लागेल. साधी लहान डिझेल व्हॅन उभ्या उभ्या चालू ठेवली तरी तासाला अर्धा लिटर ते एक लिटर जातं, कंप्रेसर असेल तर जास्तच. तोवर एक करा: एकाच आठवड्यात सगळ्या गाड्या सारख्याच खाली आल्या तर ते हवामान किंवा काम. बाकी सगळ्या जागच्या जागी आणि एकच खाली, तर ती गाडी.

थंडडबा

ताफ्याच्या तुलनेत बघायचं, हे पटतं. इंजिनचे तास मात्र आमच्या अर्ध्या गाड्यांत दिसतच नाहीत, तिथे अडणार आहे.

रिकामी_टाकी

ठीक आहे, १० तारखेचं मी चुकीचं बोललो. पण मुद्दा सोडत नाही. कोणी प्रत्येक टाकीमागे आठ-नऊ लिटर नियमाने काढत असेल तर तेही १० असंच दिसेल ना? वहीत बिघाड आणि चोरी वेगळी कशी दिसणार?

मोजपट्टी

नाही दिसणार, हे मान्य. वही एवढंच सांगते की लिटर जास्त लागतंय. कारण बाहेर शोधावं लागतं. काही वेळा खूण मिळते. पावतीवरचं लिटर टाकीत मावणाऱ्यापेक्षा जास्त असेल तर पावती खोटी. किंवा घसरण एका भरण्याला येते, दोन भरणी नीट, परत येते, असं असेल तर गाडीपेक्षा माणसाकडे बघावंसं वाटतं, कारण बिघाड असा मधे सुट्टी घेत नाही. पण नियमाने थोडं थोडं जात असेल तर एकच उपाय, दोन गाड्यांचे ड्रायव्हर दोन आठवडे अदलाबदल करा. घसरण गाडीबरोबर राहते की माणसाबरोबर जाते ते दिसेल. ड्रायव्हर 'जड चालतेय' म्हणतोय, मी तरी आधी गाडी बघेन.

मिस्त्रीकाका

जड चालतेय म्हटल्यावर पहिलं ब्रेक. मुली, दहा मिनिटांचं काम आहे. गाडी रोजच्या रस्त्याने अर्धा तास चालवून आणायला सांग, शेवटचा एखादा किलोमीटर जोरात ब्रेक न मारता. आली की लगेच चारही चाकांच्या रिमजवळ हात न्यायचा, लावायचा नाही, भाजेल. डाव्या-उजव्या बाजूची तुलना करायची. एकच चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथे ब्रेक धरून राहतोय. मग जॅकवर उचलून हाताने फिरवून बघायचं, मोकळं चाक घरंगळतं, धरलेलं लगेच थांबतं. मागच्या चाकाला हँडब्रेकची केबल गंजून परत येत नाही, किंवा ड्रमच्या आतला सिलिंडर अडकतो.

चारही चाकं सारखी असतील तर इंजिनचा काटा बघ. नेहमीच्या जागी पोचतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय, इंजिन थंड चालतं आणि डिझेल खातं. इंजेक्टर सगळ्यात शेवटी, तिथे खर्च मोठा असतो आणि लोक नेमके तिथूनच सुरू करतात.

चौथागिअर

@मिस्त्रीकाका, मी नवे जरा मोठे टायर टाकले आणि तेव्हापासून अ‍ॅव्हरेज कमी दिसतंय. हवाही बरोबर आहे. ब्रेकच असेल का?

मिस्त्रीकाका

चाक मोकळं फिरतंय का ते बघच. पण टायर मोठा असेल तर मीटरच कमी किलोमीटर दाखवतो. चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, मीटरला ते माहीत नसतं.

मोजपट्टी

म्हणूनच टायर बदलला, मीटरचं पॅनल बदललं की त्या तारखेला वहीत रेघ मारायची आणि नेहमीचं अ‍ॅव्हरेज नव्याने धरायचं. किती फरक पडलाय ते बघायला एखादा लांब रस्ता मोबाइलच्या जीपीएसवर आणि मीटरवर एकदमच मोजा.

रात्रपाळी

मीटरवरून आठवलं. फोटोत 0 चा 3 वाचला जातो, मग महिनाभर वाद. तेही एकदा वर आणि लगेच खाली असंच दिसतं, अर्धवट टाकीसारखं. ते कसं ओळखायचं?

मोजपट्टी

लिटरकडे बघा. अर्धवट टाकीत आधी लिटर नेहमीपेक्षा कमी असतं आणि पुढच्या वेळी जास्त. मीटर चुकीचं चढलं असेल तर दोन्ही वेळचं लिटर नेहमीसारखंच असतं, फक्त किलोमीटर विचित्र होतात. आणि पावतीच हरवली असेल तर अ‍ॅव्हरेज एकदा फार वर जातं आणि पुढच्या वेळी गुपचूप जागेवर येतं, त्याची भरपाई खाली होत नाही. म्हणून मी अ‍ॅव्हरेज २० टक्क्यांहून वर गेलं तरी खूण करतो. डिझेल गाडी एका रात्रीत इतकी सुधारत नाही, जवळपास नेहमी नोंद चुकलेली असते.

सोपं_करा

सगळं परत मांडलं. एक प्रश्न आला. आमच्याकडे दहा-दहा लिटर टाकून रोज टाकी फुल करतात. प्रत्येक वेळी फुलच, तरी अ‍ॅव्हरेज नाचतंय.

मोजपट्टी

नॉझल बंद होण्याची जागा प्रत्येक वेळी तीच नसते. गाडी थोडी तिरकी उभी असेल, फेस झाला असेल, तर लिटरभर इकडेतिकडे होतं. ४० लिटरमध्ये एक लिटर म्हणजे अडीच टक्के, १० लिटरमध्ये १० टक्के. निदान ३०० किलोमीटर होईपर्यंत भागाकार करू नका, तोवर त्यांनाही D मध्ये 0 टाका. आणि नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून दाबून भरायचं नाही, हे ड्रायव्हरना सांगा.

हिशेबनीस

दोन आठवड्यांनी लिहितेय. मिस्त्रीकाका, मागचं डावं चाक. हात जवळ नेववत नव्हता. ड्रमच्या आतला सिलिंडर अडकला होता, लायनर एका बाजूने झिजून गेले होते. तो आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलले. ड्रायव्हर स्वतः गॅरेजमध्ये उभा राहिला.

दुरुस्तीच्या आधीचं शेवटचं भरणं ३८० किलोमीटरला ३८ लिटर, म्हणजे १०. नंतरचं पहिलं ४७६ ला ३८, म्हणजे १२.५. त्याच्या पुढचं ५०७ ला ३९, म्हणजे १३.

फुल-ते-फुल केल्यापासून लाल रकाना दोन आठवड्यांत एकच. तोही मीटरचा आकडा मी चुकीचा वाचलेला. पण ४ नंबरच्या गाडीपाशी मी अडले आहे. H रकान्यात ती कधीच ६ टक्क्यांच्या खाली जात नाही, पण मागच्या वर्षीचे कागद काढले तर तेव्हा ती १४ देत होती आणि आता १२.२ देते. हळूहळू उतरली.

मोजपट्टी

तो H चा दोष आहे, लिहायला हवं होतं. मधला आकडा दर ओळीला पुढे सरकतो, म्हणून सावकाश उतरणारी गाडी त्याला आपल्याबरोबर खाली घेऊन जाते. मोठ्या सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्या आठ हिशेबांचा मधला आकडा काढून तो एका रकान्यात कायमचा लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा त्याच्याशीही ताडा. १४ वरून १२.२ म्हणजे जवळपास १३ टक्के. त्या गाडीचं काम बदललंय का?

हिशेबनीस

हो, आधी ती लांबच्या गोदामांना जायची, सहा महिन्यांपासून दाट वस्तीत घरोघर. थांबे तिप्पट झाले असतील.

रिकामी_टाकी

मग ते कामामुळेच. सोडून द्या.

मिस्त्रीकाका

निम्मं कामामुळे असेल. तरी तिचीही चाकं एकदा बघून घे, आणि काटा कुठे थांबतो तेही.

रात्रपाळी

४ आणि ७ ची रूट आठवडाभर बदलून बघा. ७ आता नीट झाली आहे. तिचंही ४ च्या रस्त्यावर १२ च्या आसपास आलं तर रस्ताच.

हिशेबनीस

सोमवारपासून बदलते. दोन्ही ड्रायव्हरना आधी सांगून. आठवड्यात दोनच फुल टाक्या होतील, म्हणून तीन आठवडे चालू ठेवते आणि आकडे इथेच टाकते.